कुंभाराचा पेच आणि मुलांसाठी धर्माची गोष्ट

प्रश्न: आमच्या वाचनालयात ९ ते १२ वर्षांची मुलं येतात. त्यांच्यासाठी ‘धर्म’ ही कल्पना सांगणारी छोटी गोष्ट लिहायची आहे. नायक गावातला कुंभार, त्याच्यापुढे एक पेच. पण मी काहीही लिहिलं तरी शेवटी ‘नेहमी खरं बोलावं’ एवढंच हाती लागतं. पेच कसा उभा करावा? जमल्यास नमुना द्याल का?

उत्तर: तुमच्या कुंभारापुढे बहुधा एका बाजूला लोभ आणि दुसऱ्या बाजूला सचोटी असणार. त्याला पेच म्हणत नाहीत. दहा वर्षांच्या मुलाला दुसऱ्याच परिच्छेदात कळतं की कुंभाराने काय करायला हवं, आणि मग तो फक्त गोष्ट संपायची वाट बघतो. पेच तेव्हाच पडतो जेव्हा दोन्ही बाजूंना कर्तव्यच असतं आणि एक पाळलं की दुसरं मोडतं.

महाभारतात याचं फार चोख उदाहरण आहे. कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची हकिकत सांगतो. कायम खरंच बोलायचं, असं या कौशिकाचं व्रत. दरोडेखोरांच्या भीतीने पळालेली माणसं त्याच्या जवळच्या रानात लपतात, मागून दरोडेखोर येऊन विचारतात, आणि हा खरं ते सांगून टाकतो. माणसं मारली जातात आणि कौशिक नरकात जातो. तिथेच कृष्ण म्हणतो, ‘धारणाद्धर्ममित्याहुः’, म्हणजे जो सर्वांना धरून ठेवतो तो धर्म. मुलांसाठी धर्मावर लिहिताना मी हा प्रसंग मनात ठेवतो. गोष्टीत तो आणत नाही, पण आपली गोष्ट ‘सत्य’ या एकाच शब्दावर घसरत नाही ना, हे त्यावरून तपासता येतं.

दुसरी अडचण चमत्काराची. कुंभार म्हटलं की गोरोबाकाका आठवतात, नाहीतर पंढरपूरचा राका कुंभार. राकाच्या कथेत मडक्यात मांजरीची पिलं असतात आणि नकळत आवा पेटवला जातो. राका पांडुरंगाचा धावा करतो आणि पिलं जिवंत निघतात. भक्तिकथा म्हणून ती सुंदर आहे, पण पेच तिथे देवाने सोडवलेला आहे. तुम्हाला तो कुंभाराकडूनच सोडवून घ्यायचाय, नाहीतर मुलाला स्वतःच्या बाबतीत काहीच करता येत नाही.

म्हणून पेच धंद्याच्या आत शोधायचा. कुंभारकामात एक दोष असा आहे की तो या कामासाठी जणू मुद्दाम घडवलाय. मातीत चुनखडीचे खडे असतात. माती वाळवून, कुटून, चाळून घेतली तर ते निघून जातात. चाळायचा कंटाळा केला तर ज्वारीच्या दाण्याएवढा खडाही मडक्याच्या अंगात राहतो. आव्याच्या आचेत त्याचा कळीचा चुना होतो. मडकं आव्यातून निघतं तेव्हा लाल, सुरेख असतं, टिचकी मारली तर खणखणीत वाजतं. पुढे काही दिवसांत तो चुना ओल पिऊन फुगतो आणि वरचा टवका उडवतो. खड्डा पडतो, त्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसतो. खडा मोठा असेल तर घागर गळायलाच लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोणत्या घागरीत खडा आहे आणि कोणत्या नाही, हे बाहेरून सांगता येत नाही. ‘माल खराब आहे’ असं कुंभार ठामपणे म्हणू शकत नाही आणि ‘चांगला आहे’ असंही म्हणू शकत नाही. लेखकाला यापेक्षा आणखी काय हवं?

आता वेळ कोणती निवडायची? मी आखाजी निवडली, म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात त्या दिवशी पितरांच्या नावाने नवी घागर भरतात. घागर त्या दिवशी हवीच, दुसऱ्या दिवशी तिचा उपयोग नाही. आणि पूजेनंतर तीच घागर उन्हाळाभर पिण्याच्या पाण्याला वापरली जाते. म्हणजे ‘एका दिवसापुरतं तर आहे’ हा मोह खोटा नाही, अर्धा खरा आहे. मोह असाच अर्धा खरा हवा. तोंडावर खोटा दिसला तर त्यात कुणी सापडत नाही.

हा नमुना. मोठ्याने वाचायला दहा मिनिटांच्या आत बसतो.

*

आखाजीच्या घागरी

गिरणेच्या काठच्या एका गावात भिका कुंभार राहायचा. घरात बायको चंद्रा आणि भाचा सोपान. सोपानचे आईबाप तापाच्या साथीत गेले, तेव्हापासून तो मामाकडेच होता. गावातल्या काही बायका त्याला पाहिलं की पुटपुटायच्या, “पांढऱ्या पायाचा आहे पोरगा.” सोपानला ते ऐकू यायचं, पण ऐकू आलं नाही असं तो दाखवायचा.

आखाजी तीन दिवसांवर आली होती. भिकाने सत्तावीस घरांना घागरी द्यायचा शब्द दिला होता. आवा उतरला, घागरी निघाल्या. भिकाने एकेकीला टिचकी मारली. टण्ण! टण्ण! चंद्रा म्हणाली, “यंदा रंग काय आलाय!”

त्यातली एक घागर भिकाने दाराशी पाणी भरून ठेवली. दुसऱ्या दिवशी गाढवांना पाणी पाजायला बोळकं बुडवायला गेला, तर घागरीच्या पोटावर बोटाच्या पेराएवढा टवका उडालेला. खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका. भिकाने तो नखाने खरवडला. बोटाला पांढरं पीठ लागलं.

तो खाली बसला. मग हाक मारली, “सोपान!”

सोपान आला. त्याने घागर पाहिली, मामाचं बोट पाहिलं आणि सगळं सांगून टाकलं. “मामा, चाळणी फाटली होती. मी तुला सांगणार होतो. पण चिंचेला झोके बांधले होते, सगळी पोरं तिकडे होती. मी चार टोपल्या माती न चाळताच ओतली.”

“कुठल्या घागरीत गेली ती?”

“तुडवताना सगळी एकच झाली, मामा.”

सोपान रडायला लागला. “मामा, गावात सांगू नको. म्हणतील, पितरांची घागरसुद्धा यानेच बाटवली.”

भिकाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “तुझं नाव माझ्या तोंडून निघायचं नाही. जा, जेव जा.”

रात्री भिका अंगणात खाटेवर पडला, पण डोळा लागेना. नव्या घागरी करायच्या तर माती, चाक, थापणं, सावलीत वाळवणं, आवा. आठ दिवस तरी हवेत. हातात होते दोन.

चंद्रा शेजारी येऊन बसली. “मी म्हणते, घागरी देऊन टाका. एका दिवसाची पूजा. सगळ्याच थोड्या फुटणार आहेत? आणि एखादी फुटलीच तर मडकं ते मडकंच, फुटायचंच.”

“पण मला माहीत आहे ना.”

“मग देऊ नका. जाऊन सांगा, यंदा घागरी नाहीत. सत्तावीस घरी पितरांना पाणी नाही. आणि का नाहीत, म्हणून विचारलं की काय सांगाल? पोराचं नाव?”

भिका बोलला नाही. दिलेला शब्द पाळावा तर फसवणूक होत होती. फसवणूक टाळावी तर शब्द मोडत होता आणि सणाला सत्तावीस दारं सुनी राहत होती. सगळं खरंखरं सांगावं तर ज्याला आपल्याशिवाय कुणी नाही, त्याला गावापुढे उभं करावं लागत होतं.

पहाटे तो उठला. गाढवावर घागरी लादल्या. “सोपान, चल माझ्याबरोबर.”

“मी?”

“तूच. घागरी उतरवायला माणूस लागेल.”

पहिलं घर पाटलांचं. भिका म्हणाला, “पाटील, शब्द दिला होता, घागर आणली आहे. पण या खेपेला मातीत चुनखडी राहिली. घागर आखाजीला चालेल. पुढे टिकेल की टवका उडेल, मला सांगता येत नाही. दाणे आज देऊ नका. पहिला पाऊस पडेस्तोवर टिकली तर द्या. फुटली तर मी दुसरी आणून देईन.”

पाटलांच्या कपाळाला आठी पडली. “आणि दोष माहीत असून आणलीस?”

“उद्या आखाजी आहे, पाटील.”

पाटलांनी घागर फिरवून पाहिली. “ठेव,” म्हणाले.

भिका घरोघर तेच सांगत गेला. कुणी हसून घागर घेतली. कुणी म्हणालं, “तुझा बाप असता तर असं झालं नसतं.” सोपान दर घरी घागर उतरवायचा आणि खाली बघायचा.

सखूआजीच्या दारात दोघं थांबले. आजीचा म्हातारा मागच्या पावसाळ्यात वारला होता. भिकाचं सगळं ऐकून घेऊन आजी म्हणाली, “चाळायला कोण होतं रे?”

सोपानच्या हातातली घागर हलली.

“माझ्या आव्यातली घागर आहे, आजी. जाब मला विचारा.”

आजीने बराच वेळ घागरीकडे पाहिलं. “सांगितलंस ते बरं केलंस. पण म्हाताऱ्याची ही पहिली घागर. ही मला नको.”

“मी बाजारगावाहून दुसरी आणून देतो.”

“तू नको आणू. माझा लेक जाईल.”

आजी आत गेली. भिकाने घागर परत गाढवावर ठेवली. घरी येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.

त्या उन्हाळ्यात चंद्राने भाकऱ्या मोजून केल्या. पाच घागरी परत आल्या. भिकाने पाचही बदलून दिल्या. त्या पाच घागरींची माती सोपानने चाळली. चाळणी त्याने स्वतः नवी बांधून घेतली होती. एकदा चाळून झालं की तो तीच माती पुन्हा चाळायला घ्यायचा.

त्या मातीची सहावी घागर त्याने मामाकडून मागून घेतली. पहिला पाऊस पडून गेला, त्या संध्याकाळी तो ती डोक्यावर घेऊन एकटाच सखूआजीच्या दारात गेला.

“आजी,” तो म्हणाला, “ती माती मी चाळली नव्हती.”

*

गोष्ट इथेच थांबवा. आजी काय म्हणाली, ते लिहू नका. आजीने त्याला जवळ घेतलं असं लिहिलंत तर मुलं शिकतील की खरं बोललं की बक्षीस मिळतं, आणि घराबाहेर पडल्यावर हे खोटं आहे हे त्यांना लगेच कळतं. सोपानने आजीचं उत्तर माहीत नसताना सांगितलं, यातच त्याचं सगळं आलं. मुलं ‘पुढे काय झालं?’ म्हणून हमखास विचारतील. त्यांनाच सांगू द्या. कुणी आजीला रागावू देतं, कुणी तिला रडवतं. दोन्ही चालतं.

‘धर्म’ हा शब्द गोष्टीत एकदाही नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तो बोलण्यात आणायचा, तेही मुलांनी हा प्रश्न विचारल्यावर: “पण भिकामामा खोटं बोलला ना? त्याने सोपानचं नाव लपवलं.” असा प्रश्न एखादं चौकस मूल विचारतंच. याचं तयार उत्तर देऊ नका, उलट विचारा की भिकाला दोन गोष्टींबद्दल गप्प राहता आलं असतं, घागरीतल्या दोषाबद्दल आणि सोपानच्या नावाबद्दल. एकाबद्दल तो बोलला, दुसऱ्याबद्दल नाही. असं का? हळूहळू मुलं स्वतःच तिथे पोहोचतात. दोषाबद्दल गप्प राहिला असता तर तोटा घागर घेणाऱ्याचा झाला असता आणि फायदा भिकाचा. नावाबद्दल गप्प राहिल्याने गावाचं काही गेलं नाही, आणि बोलणी भिकाने स्वतः खाल्ली. कौशिकाच्या हकिकतीतला मुद्दा हाच आहे, फक्त इथे तो सत्तावीस घागरींच्या मापाचा झालाय. मुलं थोडी मोठी असतील तर या टप्प्यावर कौशिकाची हकिकत सांगा. आधी नको, कारण आधी सांगितली की मुलं भिकाला त्याच मापाने मोजत बसतात.

आणखी एक धागा आहे, पण तो जपून हाताळा. गीतेतल्या ‘श्रेयान्स्वधर्मो विगुणः’चा आधार घेऊन कुंभाराच्या गोष्टीत स्वधर्म आणायचा मोह होतो, आणि मग गोष्ट अशी होते: कुंभाराच्या मुलाला शिकायचंय, पण शेवटी तो चाकावर परत येतो आणि सगळे सुखी होतात. अशी गोष्ट लिहू नका. त्यात धर्माच्या नावाखाली मुलाला जात शिकवली जाते. तुमच्या वाचनालयात कुंभारवाड्यातलंही मूल असेल, त्याने ती ऐकून काय समजायचं? भिकाचा स्वधर्म जन्मातून आलेला नाही, लोक त्याच्या घागरीवर विसंबतात त्यातून आलाय. हे सांगायला वनपर्वातला धर्मव्याध जास्त कामाचा आहे. मिथिलेत मांस विकणारा हा माणूस, आणि स्वतःच्या तपाचा ताठा असलेला ब्राह्मण त्याच्याकडे धर्म समजून घ्यायला येतो. तिथेही व्याध आपलं काम वाडवडिलांकडून आलं असं म्हणतो, हे खरं. पण मुलांच्या लक्षात राहतं ते कोण कुणाकडे शिकायला गेला हे. राहू द्या.

बलुत्याचा काळही गोड करू नका. दाणे वेळेवर न देणारी घरं असायची, बोलणी खावी लागायची. म्हणूनच ‘तुझा बाप असता तर’ हे वाक्य ठेवलंय आणि चंद्राला भाकऱ्या मोजायला लावल्यात. भिकाच्या निर्णयाची किंमत त्याच्या घराने मोजली नाही तर निर्णय फुकटात पडतो आणि गोष्ट पुन्हा बोधकथा होते. चंद्राला कजाग किंवा लोभी करू नका, ही माझी खास विनंती. तिचे दोन्ही युक्तिवाद रास्त आहेत. किंबहुना भिकाला खरा पेच तीच दाखवते.

गाव बदलणार असाल तर सणही बदला. कोकणात किंवा देशावर आखाजीचं हे रूप मुलांना ओळखीचं नसेल. तिथे संक्रांतीची सुगडं घ्या किंवा घटस्थापनेचा घट. पण एक बघा: सुगडं वाण देऊन झाली की बाजूला पडतात, उन्हाळाभर पाणी भरायला लागत नाहीत. त्यामुळे ‘पूजेनंतर टिकेल का’ हा प्रश्नच उरत नाही आणि पेच सैल पडतो. घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरतात, नऊ दिवस रोज पाणी शिंपडतात, म्हणजे दोष उघडा पडायला वेळही मिळतो आणि ओलही. तिथे गोष्ट नीट बसेल. फक्त शेवटचा पाऊस काढावा लागेल, कारण नवरात्र पावसाळ्याच्या शेवटी येतं.

चुनखडीचा भाग मुलांना सांगून समजत नाही, दाखवावा लागतो. जवळ कुंभारवाडा असेल तर टवका उडालेलं एखादं मडकं मागून आणा. ते बहुतेक ठिकाणी मिळतं, आणि कुंभार हसत देतो. पांढरा ठिपका मुलांनी नखाने खरवडला की भिका खाली का बसला, हे समजावून सांगावं लागत नाही. मडकं गोष्टीच्या आधी दाखवू नका. टवक्याचा प्रसंग वाचून झाला की तिथे थांबा, मडकं हातोहात फिरू द्या आणि मग ‘सोपान!’ या हाकेपासून पुढे वाचा.

वेळ कमी असेल तर पाटलांचा प्रसंग दोन ओळींत आटपा. रात्रीचं अंगणातलं बोलणं आणि सखूआजी यांना मात्र हात लावू नका. सात-आठ वर्षांची मुलं असतील तर ‘पांढऱ्या पायाचा’ हे शब्द गाळून ‘गावातली पोरं त्याला चिडवायची’ एवढंच ठेवा. मोठ्या मुलांसाठी ते शब्द ठेवा आणि कुणी अर्थ विचारला तर सरळ सांगा की लोक असं म्हणायचे आणि ते चुकीचं होतं.